वृद्धाश्रमात चित्रपट दाखवायचा आहे, कोणता निवडावा?

नीराकाठ

आम्ही चारपाच जण मिळून गावाजवळच्या एका वृद्धाश्रमात अधूनमधून जातो. आजवर भजन, वाढदिवस, फराळ असं चालायचं. आता तिथल्या ताई म्हणतात, महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसून सिनेमा बघू या.

राहणारे 32 जण आहेत, वयं साधारण 74 ते 87. निम्म्यांहून जास्त जणांना कमी ऐकू येतं. कानाची मशीनं नऊ जणांकडे आहेत, पण रोज लावणारे थोडे. सहा जणांचा विसराळूपणा बराच पुढे गेलाय. हॉल मोठा, फरशीचा, भिंती उघड्या. एक 43 इंची टीव्ही आहे आणि एक प्रोजेक्टर उसना मिळू शकतो. चार वाजता चहा, साडेसहाला प्रार्थना, सव्वासातला जेवण, आणि हे वेळापत्रक हलणार नाही असं ताईंनी स्पष्ट सांगितलंय.

आमच्यात तीन नावं चर्चेत आहेत: 'श्यामची आई', 'अशी ही बनवाबनवी' आणि 'नटसम्राट'. तिसरं नाव एका आजोबांनी स्वतः मागितलंय. कुणी असं काही केलंय का?

---

पेठेतला_बाळ्या

एवढा विचार कशाला? जुनी माणसं आहेत, प्रभातचे सिनेमे लावा. 'संत तुकाराम', 'कुंकू', 'शेजारी'. आवाज मोठा करा, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी खाली सबटायटल लावा. झालं.

---

तबकडी

बाळ्याभाऊ, जरा हिशेब करा. 'संत तुकाराम' 1936 चा. आज 80 वर्षांच्या आजींचा जन्म 1945 च्या आसपासचा. प्रभातचा बहर त्यांच्या आईवडिलांच्या तरुणपणी होता. त्यांनी हे सिनेमे पाहिले असतील, पण बहुतेक 1972 नंतर, मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर, शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसून.

माणसाला सगळ्यात घट्ट आठवतात ती साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षातली गाणी, चेहरे, कपड्यांच्या तऱ्हा. विसराळूपणा सुरू झाला तरी हा थर बराच काळ टिकतो. म्हणून नीराकाठ, तुमच्या लोकांसाठी 1958 ते 1972 हा पट्टा धरा. 'सांगत्ये ऐका' 1959, 'जगाच्या पाठीवर' 1960, 'मोलकरीण' 1963, 'सवाल माझा ऐका' 1964, 'साधी माणसं' 1965, 'मुंबईचा जावई' 1970. 'बनवाबनवी' 1988 ची, म्हणजे तेव्हा ही बहुतेक मंडळी चाळिशी ओलांडून गेली होती. आवडेल, पण तिच्याशी त्यांचं तरुणपण जोडलेलं नाही.

आणि एक करा. नुसतं "कोणता सिनेमा लावू?" विचारलं तर उत्तर येतं, "तुम्हाला आवडेल तो." त्याऐवजी विचारा की लग्नाआधी कुठल्या गावात होतात, तिथे थेटर होतं का, की जत्रेत तंबू यायचा? पुण्यात वाढलेल्या आजोबांनी विजयानंदला 'सांगत्ये ऐका' पाहिला असेल. खेड्यातल्या आजींना कदाचित कुणी सिनेमाला पाठवलंच नसेल, त्यांच्याकडे फक्त रेडिओवरची गाणी असतील. एकाच हॉलमधल्या या दोघांना दोन वेगळे सिनेमे लागतात.

---

कर्णोपकर्णी

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणून कानाबद्दल सविस्तर लिहिते. "आवाज मोठा करा" हे अर्धंच बरोबर आहे.

वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आधी जातात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. बोलण्यात ते म्हणजे स, श, फ, ख, थ. आ, ओ, ऊ असे जाड स्वर ऐकू येत राहतात. म्हणून आजोबा म्हणतात, "आवाज येतो गं, पण काय बोलतात ते कळत नाही." आवाज वाढवला की ऐकू येणारे जाड आवाज आणखी मोठे होतात, पार्श्वसंगीत अंगावर येतं आणि हरवलेला 'स' हरवलेलाच राहतो. त्यात या कानांची सहनशक्तीही कमी झालेली असते. थोडं कमी असताना काहीच कळत नाही आणि थोडं वाढवलं की टोचतं. पुढच्या रांगेतल्या कुणी कानावर हात ठेवला तर समजा की आवाज जास्त झालाय, मागचे कितीही "वाढवा" म्हणोत.

म्हणून निवड करतानाच चित्रपट कानाने तपासा. संवादाखाली सतत संगीत वाजतंय का? दोघंतिघं एकाच वेळी बोलतात का? बोलणाऱ्याचं तोंड पडद्यावर दिसतं का, की पाठमोरं बोलणं जास्त आहे? कमी ऐकणारी माणसं नकळत ओठ वाचत असतात. 1960 च्या दशकातले बरेच नट रंगभूमीवरून आलेले, शब्द सुटा टाकणारे आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलणारे, त्यामुळे ते सिनेमे इथे सोयीचे पडतात. मात्र प्रत खराब असेल, सतत खरखर असेल, तर सगळा फायदा गेला.

घरी एक चाचणी करता येते. लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये `Ctrl+E` दाबलं की इक्वलायझर येतो, आधी त्यातल्या `Enable` वर खूण करा. त्यातल्या `3K` पासून पुढच्या सगळ्या पट्ट्या तळाला न्या आणि चित्रपटाचा सुरुवातीचा, मधला, शेवटचा असा पाचपाच मिनिटांचा तुकडा ऐका. त्यांच्या कानाला काय येतं ते हुबेहूब कळणार नाही, पण अंदाज नक्की येतो. तुम्हालाच कथा धरता आली नाही तर तो चित्रपट बाद. प्रत्यक्ष दाखवताना उलट करायचं: `60` आणि `170` थोडं खाली, `3K` आणि `6K` थोडं वर. फार वर नेलं तर कर्कश होतं.

सबटायटलचं म्हणाल तर जुन्या मराठी सिनेमांना देवनागरीत ती मिळणं मुश्कील, बहुतेक ठिकाणी इंग्रजीच असतात. मिळाली तरी मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती वेगाने वाचणं जमत नाही. त्यावर विसंबू नका.

---

मंजिरी_डोंबिवली

माझ्या बाबांना पण ऐकू येत नाही, टीव्हीचा आवाज 60 वर असतो, शेजारी भांडायला येतात. त्यांच्यासाठी कुठला साउंडबार घ्यावा? बजेट दहा हजार. ब्लूटूथ हेडफोन चालेल का?

---

कर्णोपकर्णी

मंजिरी, धागा वेगळा आहे, पण थोडक्यात सांगते: साउंडबार घ्यायच्या आधी बाबांच्या कानांची तपासणी करून घ्या. कधीकधी नुसता मळ निघतो. एकट्या माणसाला हेडफोन चालतो. बाकीचं वैयक्तिक निरोपात बोलू.

---

रीळवाला

ब्लूटूथचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मी लग्नकार्यात साउंड लावतो. नीराकाठ, तुम्ही लोक हमखास ब्लूटूथचा स्पीकर नेता. त्यात आवाज चित्राच्या किंचित मागे पडतो. तरुण माणसाला चालून जातं, पण कर्णोपकर्णी म्हणतात तसे जे ओठ वाचतात त्यांचा गोंधळ उडतो: ओठ एक सांगतात, कान दुसरं. साधी वायर लावा. वायर नसेलच तर व्हीएलसीत `J` दाबत जा, दर दाबाला आवाज 50 मिलिसेकंद अलीकडे येतो. `K` ने उलटा जातो. टाळीचा किंवा दार आपटण्याचा प्रसंग बघून जुळवा.

स्पीकर पडद्याच्या शेजारी, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा. प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर अजिबात जाऊ नका. आणि तुमचा फरशीचा हॉल हा खरा शत्रू आहे, शब्द भिंतीवर आपटून एकमेकांवर चढतात. ऐकणाऱ्यांच्या मागच्या भिंतीवर दोरी बांधून जाड चादरी, गोधड्या टांगा. खाली सतरंजी घाला, पण लोक चालणार त्या वाटेवर नको, पाय अडकतो. पंखे कमी वेगावर ठेवा. कानाच्या मशीनला पंख्याची घरघर माणसाच्या बोलण्याइतकीच महत्त्वाची वाटते.

32 माणसं रुंद अर्धवर्तुळात तीन रांगांत बसवा, लांबलचक सात रांगा करू नका. कमी ऐकणारे पहिल्या रांगेत, स्पीकरपासून दोन मीटरवर. एकाच कानाने ऐकणाऱ्याचा चांगला कान स्पीकरकडे येईल अशी खुर्ची द्या.

---

नीराकाठ

वा, यातलं निम्मं आमच्या डोक्यातही नव्हतं. मशीनं कपाटात पडलेली असतात त्याचं काय करावं?

---

कर्णोपकर्णी

बहुतेक वेळा सेल संपलेला असतो. आदल्या दिवशी एकाने नऊच्या नऊ मशीनं तपासा: मुठीत धरून शीळ वाजली तर चालू आहे. पण महिनोन्महिने न लावलेलं मशीन नेमकं सिनेमाच्या दिवशी तीन तास लावायला लावू नका. नको असेल त्यांना तसंच बसू द्या, गाण्यांवर त्यांचं भागतं.

---

सातारकर_वहिनी

मी दुसऱ्या टोकाकडून लिहिते. सासूबाईंना डिमेन्शिया होता, शेवटची सहा वर्षं घरीच सांभाळलं. त्यांना सिनेमा खोटा आहे हे कळायचं नाही. पडद्यावर आग लागली की त्या उठून पदर सावरत दाराकडे जायच्या. मूल हरवल्याचा प्रसंग बघितला की रात्रभर विचारायच्या, "ते पोर जेवलं का?" सिनेमा विसरून जायच्या, पण घाबरलेपण विसरायच्या नाहीत. ते अंगात राहायचं.

त्यामुळे माझ्या मते मृत्यू, आग, पूर, मारझोड, हरवलेलं मूल हे आधी बघून ठेवा. 'श्यामची आई' मला स्वतःला फार आवडतो, पण शेवट आठवा. आणि दुसरं, वेषांतराच्या विनोदाचं. 'बनवाबनवी'त कोण कुणाचं सोंग घेऊन आलंय हे लक्षात ठेवावं लागतं, त्यातच सगळी गंमत. हिंदीतला 'चुपके चुपके' तसाच. सासूबाईंना साडी नेसलेला पुरुष ही बाईच वाटायची, मग हसायचं कशाला? मात्र कुणी धडपडलं, कुणाच्या डोक्यावर पीठ सांडलं, की खळखळून हसायच्या.

---

पेठेतला_बाळ्या

बनवाबनवी बाद?? हा महाराष्ट्रावर अन्याय आहे 😀 संवाद सगळ्यांना पाठ आहेत हो.

---

तबकडी

पाठ तुम्हाला आहेत, बाळ्याभाऊ. पण मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पाठ असलेलं ऐकायला कान कमी लागतो, बाकीचं मन भरून काढतं. म्हणूनच तर ओळखीचा सिनेमा लावायचा. फक्त तो त्यांच्या ओळखीचा हवा.

वहिनींच्या मुद्द्यावरून मी एक कसोटी वापरतो. सिनेमा कुठेही मधेच उघडायचा आणि पाच मिनिटं बघायचं. आधीचं काही माहीत नसताना तो प्रसंग स्वतःच्या पायावर उभा राहतो का? ज्याला दहा मिनिटांपूर्वीचं आठवत नाही त्याच्यासाठी प्रत्येक क्षणी सिनेमा मधूनच सुरू होत असतो. फ्लॅशबॅक, जुळे भाऊ, वेषांतर, गुपितावर उभी असलेली कथा इथे नापास होतात. टप्प्याटप्प्याने पुढे जाणारी, गाण्यांनी भरलेली कथा पास होते. माझं मत 'जगाच्या पाठीवर'ला. राजा परांजपे एका ठिकाणाहून दुसरीकडे भटकतात, प्रत्येक मुक्काम वेगळा, आणि गदिमा-बाबूजींची गाणी अशी की कथा सुटली तरी माणूस गाण्यावर परत येतो. लांबी मात्र तुमच्या हातातल्या प्रतीवर बघून घ्या, वेगवेगळ्या प्रती वेगवेगळ्या कापलेल्या असतात.

---

संध्याछाया_नको

मी एका वृद्धाश्रमात परिचारिका आहे. तुम्ही कान आणि मेंदूचं बोलताय, मी मूत्राशयाचं बोलते, कारण सिनेमा तिथे मोडतो.

बऱ्याच जणांना रक्तदाबाची, पायावरच्या सुजेची लघवी वाढवणारी गोळी असते, पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास. 45 ते 50 मिनिटांच्या पुढे ते बसतात, पण सिनेमा बघत नाहीत, मनात "आता उठू का" एवढंच चालू असतं. उठायची लाज वाटते म्हणून दुपारपासून पाणी पीत नाहीत, आणि मग संध्याकाळी चक्कर. त्यामुळे मध्यंतर हवंच, आणि पाचदहा मिनिटांचं नको. हिशेब करा. 32 पैकी वीस जण उठले, संडास तीन असतील, वॉकरवाल्याला चार मिनिटं लागतात. म्हणजे एकेका दाराला सातेक माणसं, 28 मिनिटं. चहा याच वेळेत द्यायचा, नाहीतर तो आणखी अर्धा तास खातो.

तुमच्या वेळापत्रकात बसवायचं तर: पावणेचारला लोकांना बसवायला सुरुवात. चारचा चहा मध्यंतरात ढकला, फक्त साखरेच्या रुग्णांना आधी काहीतरी खायला द्या आणि ही अदलाबदल ताईंना विचारूनच करा. चार ते पावणेपाच पहिला भाग, सव्वापाचपर्यंत मध्यंतर, सव्वापाच ते सहा दुसरा. म्हणजे तुमच्या हातात 90 मिनिटं आहेत. सव्वादोन तासांत 90 मिनिटं, एवढीच.

सहाच्या पुढे नकोच. दिवेलागणीला विसराळू माणसं अस्वस्थ होतात, "घरी जायचंय" सुरू होतं. अंधार केला तर ते आधीच सुरू होतं. म्हणून पडदे पूर्ण ओढू नका, बाजूचे दिवे चालू ठेवा. उजेडात प्रोजेक्टर फिका पडतो, तेव्हा तुमचा टीव्हीच बरा, फक्त जवळ बसवा. अंधारात कुणी पडलं तर पुन्हा सिनेमा होणार नाही.

---

तबकडी

90 मिनिटं म्हणजे जवळपास कुठलाच मराठी सिनेमा पूर्ण बसत नाही. कापावा लागणार.

---

पेठेतला_बाळ्या

दोन रविवारी अर्धा अर्धा दाखवा की. मालिकेसारखा.

---

संध्याछाया_नको

महिन्याने पुढचा भाग? ज्यांची आठवण शाबूत आहे त्यांनाही ते जड जाईल. दुसऱ्याच दिवशी दाखवता आला तर चालेल, पण सहा जणांसाठी तो नवाच सिनेमा असेल. त्यांच्यासाठी मी वेगळं करते: त्याच वेळी दुसऱ्या खोलीत छोट्या पडद्यावर 'मालगुडी डेज'चा एखादा भाग. वीसबावीस मिनिटांची पूर्ण गोष्ट. भाषा हिंदी असली तरी चेहऱ्यांवरून पुष्कळ समजतं. नंतर दोन गाणी, आणि संपलं.

---

सातारकर_वहिनी

मला हे वेगळं बसवणं पटत नाही. सासूबाईंना बाकीचे हसले की हसू यायचं. वेगळ्या खोलीत बसवलं असतं तर "मला का काढलं" म्हणाल्या असत्या. दाराजवळची खुर्ची आणि शेजारी एक ओळखीचं माणूस द्या, उठल्या तर उठू द्या.

---

संध्याछाया_नको

घरात एक आणि हॉलमध्ये सहा यात फरक पडतो हो वहिनी. एक जण ओरडायला लागला की पाच अस्वस्थ होतात. पण तुमचंही खोटं नाही. माणसं पुरेशी असतील तर एकत्र, नसतील तर वेगळं.

---

रीळवाला

कापण्याबद्दल: फाईल प्रत्यक्ष कापायची गरज नाही. आधी एकदा पूर्ण बघून कागदावर वेळा लिहा, कुठून कुठे उडी मारायची त्या. गाणी कापू नका, लोक त्यांचीच वाट बघत असतात. उपकथा काढा, खलनायकाच्या खलबतांचे प्रसंग काढा, मारामारी काढा. उडी नेहमी गाण्याच्या शेवटी मारायची, ती खटकत नाही.

आणि प्रमुख तीनचार पात्रांचे चेहरे मोठ्या कागदावर छापून टीव्हीशेजारी चिकटवा, खाली ठळक अक्षरात "नायक", "त्याची बहीण" असं. मध्यंतरानंतर एकाने उभं राहून दोन वाक्यांत आतापर्यंतची गोष्ट सांगायची. हे आमच्या इथल्या एका शिक्षकाचं डोकं. सगळ्यांनाच उपयोग होतो, झोपलेल्यांना जास्त 😀

---

कायदेपंडित_नव्हे

कुणी हक्कांबद्दल बोललं नाही. ओटीटीचं घरचं खातं घरच्या वापरासाठी असतं, संस्थेत दाखवणं त्यात बसत नाही. मात्र आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो. म्हणजे 1964 पर्यंतचे चित्रपट त्यातून मोकळे झालेत, आणि तबकडींच्या यादीतले पहिले चार त्यात येतात. कथा, गीत, संगीत यांचे हक्क वेगळे मोजतात, त्यामुळे सगळंच मोकळं असं मी म्हणणार नाही. नव्या चित्रपटासाठी निर्मात्याला पत्र लिहा, वृद्धाश्रमाला नाही म्हणणारे थोडे.

---

नीराकाठ

'नटसम्राट'चं कुणी बोलतच नाही. आजोबा रोज विचारतात.

---

सातारकर_वहिनी

नको. मुलांनी घराबाहेर काढलेल्या माणसांसमोर तेच दाखवायचं? 'बागबान' नको, 'ऊनपाऊस' नको. 'मोलकरीण' गाण्यांसाठी गोड आहे, पण तिथेही आई मुलाच्या घरी मोलकरीण.

---

तबकडी

वृद्धाश्रमातल्या सगळ्यांना मुलांनी काढलेलं असतं हे कुणी ठरवलं? माझे मामा स्वतःहून गेले, मुलगी दर आठवड्याला भेटते. आणि ज्याला काढलंय त्याला ते माहीत आहे, सिनेमा लपवून काय होणार? स्वतः मागितलाय तर मागणाऱ्याला दाखवा.

---

संध्याछाया_नको

सगळ्यांना सक्तीने नको, मागणाऱ्यांना नाही म्हणू नका. आजोबांच्या खोलीत, जे येतील ते चारपाच, टॅबवर दोन दिवसांत. सोबत एक माणूस बसवा आणि संपल्यावर लगेच निघून जाऊ नका. 'अस्तू'चंही तसंच. तो मी आमच्या कर्मचाऱ्यांना दाखवला, मोहन आगाशे ज्या तऱ्हेने हत्तीमागे जातात ते बघून आमच्या मावश्यांची चिडचिड कमी झाली. राहणाऱ्यांना तो लावणार नाही.

---

सातारकर_वहिनी

खोलीतसुद्धा मला धाकधूकच वाटते. पण आजोबा तुमच्या समोर आहेत, माझ्या नाहीत.

---

नीराकाठ

ठरलं ते लिहितो. 'जगाच्या पाठीवर' काल रात्री इक्वलायझर खाली करून तपासला. एक प्रत खरखरीमुळे बाद, दुसरी चालेल. उड्यांच्या वेळा मी आणि बायको मिळून लिहितोय, गाणी सगळी ठेवून 88 मिनिटांपर्यंत आणलंय, अजून दोन प्रसंगांवर आमचं भांडण चालू आहे. वायर घेतली. गोधड्या ताई देणार आहेत. चहाची अदलाबदल त्यांनी मान्य केली, पण साखरेच्या सात जणांना साडेतीनला खायला देण्याच्या अटीवर.

विसराळू सहा जणांना एकत्रच बसवणार, दाराजवळ, तिघांमागे एक असे आमचे दोघं शेजारी. जमलं नाही तर दुसरी खोली तयार आहे. 'नटसम्राट'चं आजोबांच्या मुलीशी बोलून ठरवू.

---

संध्याछाया_नको

मुलीशी कशाला? आजोबांशी बोला.

---

पेठेतला_बाळ्या

आणि दिवाळीला बनवाबनवी. नुसते निवडक प्रसंग, वीस मिनिटं. वहिनी, पीठ सांडणारे वेचून देतो.